कोन न मोजता कोनाचे दोन भाग

कागदावर कुठलाही कोन काढा. किती अंशांचा आहे ते पाहू नका, अंदाजही बांधू नका. 37 अंशांचा असेल, 41.6 अंशांचा असेल, किंवा अंशांत नेमका लिहिताच येणार नाही असा असेल. आता हातात कंपास आणि खुणा नसलेली पट्टी घ्या. चार हालचाली करा: एक कंस, मग त्याच्या दोन टोकांवरून एकेक कंस, आणि शेवटी एक रेषा. कोनाचे बरोबर दोन सारखे भाग झालेले असतात. हे भाग जवळपास सारखे नसतात, तंतोतंत सारखे असतात. आणि मूळ कोन केवढा होता हे अजूनही कुणाला ठाऊक नसतं.

ही रचना आपण सगळेच सातवी-आठवीत करतो आणि कोनमापक ठेवून ‘आलं बरोबर’ म्हणून पुढच्या गणिताकडे वळतो. पण जरा थांबून पाहिलं तर इथे एक विलक्षण गोष्ट घडते आहे. कंपासला कोन कळतच नाही. त्याला येतं ते एवढंच: एका बिंदूपासून ठरावीक अंतरावरचे बिंदू दाखवणं. म्हणजे कंपासचं सारं ज्ञान लांबीचं आहे. पट्टीवर खुणा नसल्यामुळे तिला तर लांबीही कळत नाही, दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढणं एवढंच ती जाणते. कोन म्हणजे काय हे दोघांनाही माहीत नाही, आणि तरीही दोघं मिळून कोन दुभागतात. हे कसं घडतं, ते आता सावकाश पाहू.

आधी हातानं करून पाहू

एक ठरावीक कोन घेतलेला बरा, म्हणजे लांब्या डोळ्यांसमोर राहतील. समजा कोन 70 अंशांचा आहे. त्याच्या शिरोबिंदूला ‘अ’ म्हणू. कंपास 6 सेंटिमीटर उघडा, टोक ‘अ’वर रोवा आणि दोन्ही भुजांना छेदणारा एक कंस काढा. एका भुजेवर ‘ब’ मिळाला, दुसरीवर ‘क’. दोन्ही बिंदू शिरोबिंदूपासून 6 सेंटिमीटरवर आहेत. त्यासाठी आपण काही मोजलं नाही. एकाच उघडलेल्या कंपासनं ते दिले, म्हणून ती अंतरं सारखी आहेत.

आता ‘ब’ आणि ‘क’ यांच्यामधलं अंतर पाहा. 70 अंशांच्या कोनासाठी ते सुमारे 6.9 सेंटिमीटर येतं. कंपास तेवढा उघडा. टोक ‘ब’वर ठेवून कोनाच्या आतल्या बाजूला, शिरोबिंदूपासून दूर, एक कंस काढा. उघडझाप न करता तेच टोक ‘क’वर ठेवून दुसरा कंस काढा. दोन कंस जिथे छेदतात तो बिंदू ‘ड’. तो ‘अ’पासून सुमारे 10.9 सेंटिमीटरवर येईल. ‘अ’ आणि ‘ड’ पट्टीनं जोडा. दोन्ही बाजूंना 35 अंश झाले.

दुसऱ्या वेळी कंपास बरोबर 6.9 उघडायला हवा असं मुळीच नाही. 5 उघडा, 8 उघडा, पहिल्याच 6 वर राहू द्या, काहीही चालेल. फक्त दोन अटी आहेत. ‘ब’वर ठेवताना जेवढा उघडा होता तेवढाच तो ‘क’वर ठेवताना असला पाहिजे. आणि तो ‘ब’ व ‘क’मधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त उघडलेला असला पाहिजे, नाहीतर दोन कंस एकमेकांपर्यंत पोचणारच नाहीत. आपल्या उदाहरणात ही मर्यादा 3.45 सेंटिमीटरच्या आसपास आहे.

म्हणजे या रचनेत दोन लांब्या येतात आणि दोन्ही आपल्या मर्जीच्या आहेत. तिसरा कुणी त्याच कोनावर वेगळ्या लांब्या घेऊन रचना करील. त्याचा ‘ब’ वेगळा, ‘क’ वेगळा, ‘ड’ वेगळा. पण त्याची शेवटची रेषा आपल्याच रेषेवर येऊन पडेल. निवड कशीही केली तरी उत्तर एकच येतं, तेव्हा त्यामागे काहीतरी पक्कं कारण असणार.

तीन लांब्यांनी त्रिकोण बांधला जातो

कारण शोधण्यासाठी आकृतीत दोन रेषा मनातल्या मनात वाढवू: ‘ब’पासून ‘ड’पर्यंत आणि ‘क’पासून ‘ड’पर्यंत. आता दोन त्रिकोण दिसू लागतात, एक ‘अ-ब-ड’ आणि दुसरा ‘अ-क-ड’. त्यांच्या बाजू तपासू. ‘अ’पासून ‘ब’ आणि ‘अ’पासून ‘क’ ही अंतरं सारखी, कारण पहिला कंस एकच होता. ‘ब’पासून ‘ड’ आणि ‘क’पासून ‘ड’ ही अंतरंही सारखी, कारण दुसऱ्या वेळी कंपास हलला नाही. आणि ‘अ’पासून ‘ड’पर्यंतची बाजू तर दोघांची सामाईकच आहे. तीन बाजू तीन बाजूंशी जुळल्या. ‘बाबाबा’ कसोटीनुसार त्रिकोण एकरूप झाले, म्हणून त्यांचे संगत कोनही सारखे, आणि ‘अ’जवळचे दोन कोन सारखे म्हणजेच मूळ कोन दुभागला गेला.

वहीत सिद्धता इथे संपते. पण खरी नवलाची गोष्ट त्या कसोटीच्या आत दडलेली आहे. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की कोन का ठरावेत? चार बाजूंच्या चौकोनाला हे लागू होत नाही. चार काड्या टोकांशी खिळवून चौकट केली तर ती दाबून तिरकी करता येते, बाजू तेवढ्याच राहतात आणि कोन बदलतात. तीन काड्यांची चौकट मात्र जराही हलत नाही.

का हलत नाही, ते आपल्याच आकृतीत पाहू. ‘अ’ आणि ‘ड’ हे दोन बिंदू जागच्या जागी पक्के धरा. आता असा बिंदू शोधा की तो ‘अ’पासून 6 सेंटिमीटरवर आणि ‘ड’पासून 6.9 सेंटिमीटरवर असेल. पहिल्या अटीमुळे तो ‘अ’भोवतीच्या एका वर्तुळावर अडकला. दुसऱ्या अटीमुळे तो ‘ड’भोवतीच्या दुसऱ्या वर्तुळावर अडकला. दोन वर्तुळं फार तर दोन ठिकाणी छेदतात: एक छेद ‘अ-ड’ रेषेच्या या बाजूला, एक त्या बाजूला. या बाजूला अशी एकच जागा आहे आणि त्या बाजूलाही एकच. ‘ब’ला आणि ‘क’ला हलायला वावच नाही.

आता कागद ‘अ-ड’ रेषेवर दुमडा. ‘अ’ आणि ‘ड’ घडीवरच आहेत, ते हलणार नाहीत. ‘ब’ दुसऱ्या बाजूला जाऊन पडेल. कुठे पडेल? दुमडल्यानं अंतरं बदलत नाहीत, म्हणून तो अजूनही ‘अ’पासून 6 आणि ‘ड’पासून 6.9 सेंटिमीटरवर असलाच पाहिजे. आणि त्या बाजूला तशी जागा एकच आहे, जिथे ‘क’ बसला आहे. म्हणजे ‘ब’ नेमका ‘क’वर पडतो, एक भुजा दुसऱ्या भुजेवर पडते, एक कोन दुसऱ्या कोनाला पूर्ण झाकतो. दोन्ही सारखे आहेत याहून अधिक स्पष्टपणे कसं सांगणार?

कोन न कळणाऱ्या कंपासनं कोन कसा दुभागला, याचं उत्तर आता हाती आलं. त्यानं कोनाला हातच लावला नाही. त्यानं कोनाचा प्रश्न लांबीच्या प्रश्नात बदलला, तिथे तो सोडवला, आणि त्रिकोण न हलण्याच्या गुणामुळे ते उत्तर आपोआप कोनापर्यंत पोचलं.

हीच गोष्ट आणखी एका बाजूनं पाहता येते, आणि ती पुढे उपयोगी पडणार आहे. ‘ब’ आणि ‘क’ या दोघांपासून सारख्या अंतरावर असलेले जेवढे बिंदू कागदावर आहेत, ते सगळे एकाच सरळ रेषेवर असतात. ती म्हणजे ‘ब-क’ रेखेचा लंबदुभाजक. पहिल्या कंसानं ‘अ’ हा त्या रेषेवरचा एक बिंदू झाला. दुसऱ्या दोन कंसांनी ‘ड’ हा दुसरा बिंदू दिला. रेषा काढायला दोनच बिंदू लागतात. म्हणूनच दुसरी लांबी कुठलीही चालते: लांबी बदलली की ‘ड’ त्याच रेषेवर पुढे-मागे सरकतो, रेषा सोडून जात नाही.

युक्लिडची नववी पायरी

इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडनं आपला ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्या पुस्तकातलं नववं विधान म्हणजे ही रचना. त्याच्या आधीची विधानं वाचत आलं की ही रचना तिथेच का येते ते उमजतं. पहिल्या विधानात त्यानं दिलेल्या रेखेवर समभुज त्रिकोण काढून दाखवला. सातव्यात सिद्ध केलं की एका रेखेच्या एकाच बाजूला, तिच्या दोन टोकांपासून तीच दोन अंतरं असणारे दोन वेगळे बिंदू असू शकत नाहीत. आपण वर ‘अशी एकच जागा आहे’ म्हणालो ते हेच. आठव्यात त्याच्या आधारानं तीन बाजूंची कसोटी आली. आणि नवव्यात हे सगळं वापरून कोन दुभागला. दहाव्यात तो रेखेचा मध्य काढतो, तोही या नवव्याच्याच जोरावर.

युक्लिड दुसरे दोन कंस मनाला येईल त्या लांबीनं काढत नाही. तो ‘ब-क’ रेखेवर समभुज त्रिकोण उभारतो, म्हणजे कंपास नेमका ‘ब’पासून ‘क’पर्यंत उघडतो. यात सोय अशी की अंतर कुठून वाहून आणावं लागत नाही. टोक ‘ब’वर, पेन्सिल ‘क’वर, मग टोक ‘क’वर, पेन्सिल ‘ब’वर. त्याच्या नियमांत कंपास कागदावरून उचलला की तो मिटला असंच धरायचं असतं, उघडलेलं अंतर जपून दुसरीकडे नेता येत नाही. समभुज त्रिकोणाला तो मिटला तरी काही बिघडत नाही.

मात्र या निवडीत एक नाजूक जागा आहे. ‘ब-क’ रेखेवर समभुज त्रिकोण दोन बाजूंना काढता येतो: शिरोबिंदूच्या विरुद्ध बाजूला, किंवा शिरोबिंदूच्याच बाजूला. युक्लिडच्या शब्दांत कुठली बाजू ते सांगितलेलं नाही, ते आकृतीवरून कळतं. बहुतेक कोनांना कुठलीही बाजू घेतली तरी चालतं, कारण दोन्हीकडचे बिंदू त्याच लंबदुभाजकावर असतात. पण समजा मूळ कोन नेमका 60 अंशांचा आहे. मग ‘अ-ब-क’ हाच समभुज त्रिकोण आहे. शिरोबिंदूच्या बाजूला समभुज त्रिकोण काढायला गेलात तर ‘ड’ थेट ‘अ’वरच येऊन बसतो. दोन बिंदूंऐवजी एकच उरतो, आणि एका बिंदूतून कुठली रेषा काढायची ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून शाळेत ‘शिरोबिंदूपासून दूरच्या बाजूला कंस काढा’ असं सांगतात, त्या साध्या सूचनेचं एक कारण हेही आहे.

सूर्याच्या सावलीचा दुभाजक

हीच रचना भारतात जमिनीवर, उन्हात, दिशा ठरवण्यासाठी केली जात होती. सूर्यसिद्धान्ताच्या ‘त्रिप्रश्नाधिकार’ या तिसऱ्या अध्यायात तिची रीत दिली आहे. पाण्यानं तपासून सपाट केलेल्या जमिनीवर एक वर्तुळ काढायचं आणि त्याच्या मध्यावर बारा अंगुळं उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवायची. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाच्या बाहेर असतं. सूर्य वर चढतो तशी सावली आखडते आणि एका क्षणी टोक वर्तुळाला टेकून आत शिरतं. तिथे खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबत जाते आणि टोक वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं. तिथे दुसरी खूण. मग या दोन खुणांवरून सारख्या त्रिज्येचे कंस काढायचे. ते एकमेकांत शिरून माशासारखा आकार तयार होतो, आणि जुन्या ज्योतिषग्रंथांत त्याला मासाच म्हटलं आहे. माशाच्या दोन टोकांमधून जाणारी रेषा म्हणजे दक्षिणोत्तर रेषा.

यात आपली आकृती ओळखू येते का पाहा. शंकूचं मूळ म्हणजे शिरोबिंदू ‘अ’. सकाळची सावली ही एक भुजा, दुपारनंतरची सावली ही दुसरी. जमिनीवरचं वर्तुळ म्हणजे आपला पहिला कंस, आणि दोन खुणा म्हणजे ‘ब’ आणि ‘क’. दोन्ही सावल्या सारख्या लांबीच्या आहेत हे वर्तुळच सांगतं. माशाचं टोक म्हणजे ‘ड’. म्हणजे दक्षिणोत्तर रेषा ही सकाळच्या आणि दुपारनंतरच्या सारख्या सावल्यांमधल्या कोनाचा दुभाजक आहे. सावलीची लांबी सारखी तेव्हा सूर्याची उंची सारखी. आणि सूर्य माध्यान्हीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच वाटेनं चढतो-उतरतो, म्हणून त्या दोन दिशांच्या बरोबर मध्ये दक्षिणोत्तर रेषा येते.

या ठिकाणी मर्यादा रचनेची नाही, आकाशाची आहे. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर, दिवसभरात थोडं बदलत राहतं. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास ते एका दिवसात सुमारे 0.4 अंशानं बदलतं. त्यामुळे सकाळ आणि दुपार पूर्णपणे सारखी राहत नाही, आणि रेषा काही कला बाजूला सरते. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. जून आणि डिसेंबरमधल्या अयनदिनांना हा बदल जवळजवळ शून्य असतो, तेव्हा हीच रीत सर्वांत चोख उतरते.

हात कुठे चुकतो

सिद्धतेतल्या रेषेला जाडी नसते आणि तिथला कंपास सैल नसतो. आपल्या कंपासचा स्क्रू मात्र ढिला होतो. समजा ‘ब’वरून कंस काढून ‘क’वर जाईपर्यंत कंपास अर्धा मिलिमीटर सरकला. 70 अंशांच्या आपल्या आकृतीत ‘ड’ अर्धा मिलिमीटर बाजूला जाईल. ‘ड’ हा ‘अ’पासून 10.9 सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे दिशेत फरक पडेल तो पाव अंशाच्या जवळपास. तो डोळ्याला जाणवणारही नाही.

आता तीच रचना लहान करून पाहा. पहिला कंस 6ऐवजी 1 सेंटिमीटरचा घेतला आणि दुसरा त्याच प्रमाणात लहान केला. ‘ड’ आता ‘अ’पासून फक्त 1.8 सेंटिमीटरवर येतो. कंपास तेवढाच, अर्धा मिलिमीटर सरकला तरी चूक दीड अंशाच्या वर जाते. चूक तीच, हात तोच, पण परिणाम सहापट. म्हणून पहिला कंस कागदात मावेल तेवढा मोठा घ्यावा. तो मोठा घेतला की ‘ब’ आणि ‘क’ दूर जातात, ‘ड’ही दूर जातो, आणि सगळी रेषा लांब अंतरावर टेकते.

विशालकोनात आणखी एक खाचखळगा आहे. पुष्कळ जण पहिल्या कंसाचाच कंपास न हलवता दुसरे दोन कंसही काढतात. तेही बरोबर आहे: ‘अ-ब-ड-क’ हा समभुज चौकोन होतो आणि त्याचा कर्ण कोनाला दुभागतो. पण 160 अंशांच्या कोनात, सगळीकडे 6 सेंटिमीटर घेतले तर ‘ड’ शिरोबिंदूपासून जेमतेम 2.1 सेंटिमीटरवर येतो. एवढ्या जवळच्या दोन बिंदूंमधून लांब रेषा ओढणं धोक्याचं आहे. दुसऱ्या वेळी कंपास 10 सेंटिमीटर उघडला तर ‘ड’ 9 सेंटिमीटरच्या पलीकडे जातो. आणि कोन पुरता 180 अंशांचा असेल तर सगळीकडे तीच लांबी घेणं मुळीच चालत नाही: दोन्ही कंस ‘अ’लाच टेकतात आणि ‘ड’ वेगळा मिळत नाही. तिथे जास्त उघडलेला कंपास हवाच, आणि जो दुभाजक मिळतो तो त्या रेषेवरचा लंब असतो. लंब काढण्याची रचना आणि कोन दुभागण्याची रचना या दोन वेगळ्या रचना नाहीतच.

आपली रेषा बरोबर आली का, हे कोनमापकाशिवाय तपासता येतं. ‘ब’ आणि ‘क’वरून कंस काढताना ते दोन्ही बाजूंना काढा, म्हणजे पूर्ण मासा होईल. 70 अंशांच्या आकृतीत दुसरं टोक शिरोबिंदूच्या मागे, सुमारे 1 सेंटिमीटरवर येतं. पट्टी माशाच्या दोन टोकांवर ठेवा. ती ‘अ’मधून जात असेल तर रचना चोख आहे. जात नसेल तर कंपास कुठेतरी सरकला. आणि तो दुसऱ्या दोन कंसांच्या मध्येच सरकला असेल तर एक सुंदर गोष्ट घडलेली असते: माशाची दोन्ही टोकं सारखीच बाजूला सरकतात, त्यामुळे त्यांना जोडणारी रेषा ‘अ’ला चुकवते पण खऱ्या दुभाजकाला समांतर राहते. जागा चुकते, दिशा चुकत नाही. ‘अ’मधून तिला समांतर रेषा काढली की खरा दुभाजक परत मिळतो.

दोन भाग होतात, मग तीन का नाहीत?

इतकं सोपं असेल तर कोनाचे तीन सारखे भागही असेच करता येतील, असं वाटणं साहजिक आहे. पहिला विचार मनात येतो तो असा: ‘ब-क’ रेखेचा मध्य घेऊन शिरोबिंदूशी जोडला तर कोन दुभागतो, मग त्याच रेखेचे तीन सारखे भाग करून ते बिंदू जोडले तर कोनही त्रिभागेल.

120 अंशांचा कोन घेऊन हे करून पाहा. रेखेचे तीन भाग अगदी सारखे केले तरी कोनाचे भाग होतात 30, 60 आणि 30. मधला भाग कडेच्या भागाच्या दुप्पट! दोन भाग करताना घडीनं एक भाग दुसऱ्यावर टाकता येत होता. तीन भागांत घडीमुळे कडेचे दोन भाग एकमेकांवर पडतात, पण मधला भाग स्वतःवरच पडतो. तो कडेच्या भागाएवढा आहे असं म्हणायला काहीच आधार उरत नाही. रेखेचा मधला तुकडा शिरोबिंदूच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून तो अधिक रुंद कोनात दिसतो.

मग दुसरी एखादी युक्ती असेल? दोन हजार वर्षं माणसं ती शोधत राहिली. 1837 साली पिएर वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञानं सिद्ध केलं की सर्व कोनांना लागू पडेल अशी युक्ती असूच शकत नाही, आणि 60 अंशांचा कोन तर कंपास-पट्टीनं त्रिभागताच येत नाही. कारण थोडक्यात असं. रेषा आणि वर्तुळं एकमेकांना छेदतात तेव्हा मिळणाऱ्या नव्या लांब्या काढायला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढंच लागतं. अर्ध्या कोनाची कोसाइन काढायला एक वर्गमूळ पुरतं:

cos(θ/2) = √((1 + cos θ)/2)

θ शून्य ते 180 अंशांपर्यंत कितीही असला तरी हे सूत्र चालतं, म्हणून कुठलाही कोन दुभागता येतो. 60 अंशांचा तिसरा भाग, म्हणजे 20 अंशांची कोसाइन, मात्र या घनसमीकरणात अडकलेली आहे:

8x³ − 6x − 1 = 0

आणि वर्गमूळं कितीही रचत गेलो तरी तिथपर्यंत पोचता येत नाही, हे वांत्सेलनं दाखवलं.

तरीही दुभागण्याच्या रचनेची ताकद इथे संपत नाही. 60 अंशांचा कोन दोनदा दुभागा, 15 अंश मिळतात. त्यातला 15 अंशांचा एक भाग आणखी दोनदा दुभागून मिळणारा 3.75 अंशांचा तुकडा पहिल्याला जोडा: 18.75 झाले. त्या तुकड्याचा चौथा भाग पुन्हा जोडा: 19.69. पुन्हा तेच करा: 19.92. एक चतुर्थांश, त्याचा एक चतुर्थांश, त्याचाही एक चतुर्थांश, अशी अखंड बेरीज नेमकी एक तृतीयांश होते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर 20 अंशांपासूनचं अंतर आधीच्या चौथ्या भागाएवढं उरतं. चौथ्या फेरीअखेर ते अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी झालं आहे, म्हणजे वर पाहिलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीपेक्षाही लहान. कागदावर हा कोन 20 अंशांचाच दिसेल. पण कितीही फेऱ्या केल्या तरी तो नेमका 20 अंशांचा होणार नाही. दुभाजकाची रेषा मात्र पहिल्याच वेळी, चारच हालचालींत, नेमकी येते.